जांभळा कोपरा

२४ सप्टेंबर २००७, सोमवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत संध्याकाळपासून मंडळाची पोरं विसर्जनाच्या गाडीला फुलांच्या माळा बांधत होती, आणि घरात नऊ दिवसांपूर्वी, चतुर्थीच्या दिवशी आणलेला २९ इंची टीव्ही होता.

तो टीव्ही आणताना काय कष्ट पडले होते ते आता सांगितलं तर नव्या मुलांना पटत नाही. सपाट काच असली तरी आतली पिक्चर ट्यूब जुन्याच जातीची, काचेची, मागे दीड-दोन फूट पोट असलेली. पन्नासेक किलो वजन. तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याने, चौघांनी मिळून चढवला. बाबा पुढे, वाकून, पायरी मोजत. ते भोसरीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते आणि त्या वर्षी त्यांची निवृत्ती जवळ आली होती. घरात स्वतःच्या हौसेसाठी त्यांनी घेतलेली ही माझ्या आठवणीतली पहिली मोठी वस्तू. त्याआधी फ्रीज आईसाठी, मिक्सर आईसाठी, कॉम्प्युटर आम्हा मुलांसाठी. टीव्ही मात्र त्यांचा. दुकानात त्यांनी सगळ्या संचांच्या मागे जाऊन पाट्या वाचल्या होत्या. किती वॅट, किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, हे बघून मग त्यांनी रंग बघितले.

तर त्या सोमवारी साडेपाचला जोहान्सबर्गला सामना सुरू झाला. पहिल्याच ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम फेरी, भारत आणि पाकिस्तान. सेहवाग दुखापतीमुळे नव्हता, त्याच्या जागी युसुफ पठाण सलामीला आला. गंभीरच्या ७५ धावा आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून बघितल्या. आजी सगळ्यात पुढे, टीव्हीपासून चार फुटांवर, तिची वेताची खुर्ची घेऊन, कारण तिला मोतीबिंदूमुळे मागून दिसायचं नाही. आई पाटावर बसून उद्याच्या वाटल्या डाळीसाठी डाळ निवडत होती. रोहित शर्माने शेवटी येऊन १६ चेंडूंत ३० केल्या आणि १५७ झाल्या. दादा म्हणाला, वीस कमी पडणार. बाबा काही बोलले नाहीत.

पाकिस्तानच्या डावाच्या पहिल्याच षटकात हाफीज गेला. दुसऱ्या षटकात इम्रान नझीरने श्रीशांतला झोडपायला घेतलं. एक चेंडू प्रेक्षकांत गेला आणि पडदा मध्यभागी एका ठिपक्यात गोळा होऊन विझला. पंखा थांबत थांबत थांबला. गल्लीतून एकच मोठा आवाज आला, शंभर घरांतून एकदम निघालेला.

लाइट गेली होती.

बाबा गॅलरीत जाऊन बघून आले. आमच्या बाजूची सगळी गल्ली अंधारात, कोपऱ्यापलीकडे दिवे चालू. "डीपीवर काहीतरी उडालंय," ते म्हणाले. "विसर्जनाच्या रोषणाईचा लोड आलाय सगळा. वायरमन येऊन फ्यूज बदलेपर्यंत तास-दीड तास धरा."

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर घरात इन्व्हर्टर का नव्हता हे कळणार नाही. त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन भयंकर होतं. माझ्या मामाकडे, जालन्याला, दिवसाचे आठ-आठ तास वीज नसायची आणि प्रत्येक घरात बॅटरी आणि इन्व्हर्टर आला होता. पुण्यात तसं झालं नाही. २००६ साली इथल्या कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, तेवढी वीज शहराला मोकळी करून द्यायची, आणि त्या महागड्या विजेचा फरक ग्राहकांनी बिलातून भरायचा, अशी व्यवस्था वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने सुरू झाली होती. त्यामुळे भारनियमन आम्हाला ठाऊक नव्हतं. मेणबत्त्यासुद्धा देवघरातून शोधून काढाव्या लागल्या. घरात साठवलेली वीज म्हणाल तर एकाच ठिकाणी होती, कॉम्प्युटरच्या टेबलाखालच्या यूपीएसमध्ये.

ते डबडं बाबांनी बाहेर ओढलं आणि मेणबत्तीच्या उजेडात पाठीमागची पाटी वाचली. मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशेब मांडला. तो कागद मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आत बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची एक बॅटरी. बारा गुणिले सात, चौऱ्याऐंशी वॅट-अवर. टीव्ही एकशेचाळीस वॅटचा. दादा पटकन म्हणाला, "म्हणजे छत्तीस मिनिटं!"

"नाही," बाबा म्हणाले. "सात अँपिअर-अवर हे सावकाश, वीस तासांत काढली तर. एकदम ओढायला लागलास की ती सगळी देत नाही, अर्धी-पाऊण देते. शिवाय यूपीएस स्वतः खाणार. नवी असती तर वीसेक मिनिटं मिळाली असती. ही दोन वर्षांची आहे." आणि त्यांनी कागदावर बारा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला.

बारा मिनिटं. एका षटकाला चार मिनिटं धरली तर तीन षटकं. आणि बाकी होती जवळजवळ अठरा.

पण त्याआधी टीव्ही चालतो का ते बघायला हवं होतं. बाबांनी यूपीएसचं बटण दाबून धरलं, तो वीज नसतानाही नुसत्या बॅटरीवर सुरू झाला. टीव्हीची पिन त्यात लावली. टीव्हीचं बटण दाबलं. आतून तो ओळखीचा "धम्म" आवाज यायला सुरुवात झाली, आणि निम्म्यावरच यूपीएस किंचाळून बंद पडला.

दादा म्हणाला, झालं, टीव्ही मोठा आहे, याला पेलवत नाही. बाबांनी मान हलवली. त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते मी नंतर भौतिकशास्त्राच्या एका मैत्रिणीकडून पडताळून घेतलं, आणि ते बरोबर होतं. रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये काचेच्या आत बारीक भोकांची एक लोखंडी जाळी असते. प्रत्येक रंगाचा किरण त्या भोकांतून नेमका आपापल्या ठिपक्यावर पडायला हवा. जाळीला जरासं जरी चुंबकत्व आलं तरी किरण सरकतो आणि रंग बिघडतात. म्हणून टीव्ही सुरू करताना दर वेळी ट्यूबभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर खूप मोठा प्रवाह सोडतात आणि तो हळूहळू उतरवत शून्यावर नेतात. जाळी धुऊन निघते. तो "धम्म" त्याचा. चालू झाल्यावर टीव्ही एकशेचाळीस वॅट घेईल, पण त्या एका क्षणात त्याच्या कितीतरी पट मागतो, आणि यूपीएस तेवढ्यालाच घाबरतो.

"मग ती तार काढून टाका," दादा म्हणाला. बाबांनी मागच्या झाकणाला हातही लावला नाही. त्या ट्यूबवर पंचवीस-तीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि टीव्ही बंद केल्यावरही तो बराच वेळ तिथे टिकून राहतो. "कारखान्यात मी माणसं भाजलेली बघितलीत," एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "त्या तारेच्या वाटेत एक वडी असते. गार असताना प्रवाह जाऊ देते, तापली की अडवते. म्हणून तो दणका आपोआप उतरतो. आपण लागोपाठ दणके देऊ. वडी तापत जाईल, दणका लहान होत जाईल."

दुसऱ्यांदा यूपीएस पुन्हा किंचाळला. तिसऱ्यांदा "धम्म" फार हळू ऐकू आला, आणि पडदा उजळला. आईने टाळी वाजवली.

पडद्यावर मुंग्या होत्या.

सगळ्या वाहिन्यांवर मुंग्या. हे बाबांच्याही लक्षात आलं नव्हतं. केबलवाल्याची तार गल्लीतून येते तेव्हा वाटेत खांबावर त्याचे अँप्लिफायर असतात, आणि त्यांना वीज गल्लीतलीच. गल्ली अंधारात गेली की केबलही गेली. आपल्या घरात वीज असून उपयोग नाही. बाबांनी ताबडतोब टीव्ही बंद केला, यूपीएस बंद केला, आणि कागदावरच्या बारावर काट मारून अकरा लिहिले.

तेवढ्यात खालून मंडळाच्या स्पीकरवरून आवाज आला, "नझीर धावबाद! उथप्पाची थेट फेक!" मंडळाकडे जनरेटर होता आणि स्वतःची छत्री होती. मांडवात त्यांनी पडदा लावला होता. आई म्हणाली, तुम्ही तिघं खाली जाऊन बघा, मी सासूबाईंपाशी थांबते. खरं तर तेच सोपं होतं. पण आजी तीन मजले उतरू शकत नव्हती, आणि बाबा एकटे राहिले असते तरी त्या टीव्हीपाशीच राहिले असते. आम्ही कोणीच गेलो नाही.

"सिंहगड," आजी म्हणाली.

आम्हाला कळलं नाही. आजी म्हणाली, "अरे, आपला गच्चीवरचा अँटेना. तो केबलवाल्याला कुठे विचारतो?"

पुण्यात दूरदर्शन १९७३ पासून दिसायचं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. मुंबईचं केंद्र आदल्या वर्षी सुरू झालं, आणि त्याचे कार्यक्रम गडावरून पुण्यावर सोडायला लागले. माझ्या लहानपणी शहरातल्या सगळ्या गच्च्यांवरचे अँटेने नैर्ऋत्येला तोंड करून उभे असायचे. केबल आल्यावर आमचा तसाच राहिला होता, आईच्या साड्या वाळत घालायच्या दोरीचं एक टोक धरून. आणि त्या सामन्याच्याच वर्षी, २००७ साली, संसदेत कायदा झाला होता, की देशाच्या दृष्टीने महत्त्वाचे सामने खासगी वाहिन्यांनी दूरदर्शनलाही द्यायचे. सामना गडावरून येत होता. आमच्या डोक्यावरून जात होता.

दादा आणि मी टॉर्च घेऊन गच्चीवर गेलो. जुनी चपटी वायर, दोन पदरी, मध्ये प्लास्टिकची पट्टी असलेली, उन्हाने कडक झाली होती आणि वाकवली की तडकत होती. अँटेन्याकडची टोकं हिरवी पडलेली. दादाने ती दाताने सोलून पुन्हा घट्ट पिळली. गच्चीवरून आमची गल्ली काळी दिसत होती आणि तिच्या टोकाला मांडवाचा सोनेरी चौकोन. त्या चौकोनातून एकदा हसण्याचा, एकदा ओरडण्याचा आवाज येत होता. आफ्रिदी पहिल्याच चेंडूवर बाद झाल्याचं मला गच्चीवर कळलं. मी अंधारात अँटेन्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होते.

वायर गॅलरीतून आत सोडली. टीव्हीच्या मागचं भोक केबलच्या गोल पिनेचं, आणि ही दोन मोकळी टोकं. जोडायला मध्ये एक छोटी डबी लागते, ती कुठे मिळणार होती. बाबांनी एक टोक भोकात मधोमध घुसवलं, दुसरं बाहेरच्या कड्याला गुंडाळलं आणि त्यावर चिकटपट्टी मारली. "सावल्या पडतील," म्हणाले, "पण गड जवळ आहे, चित्र येईल."

मग आम्ही थांबलो. अंधारात, तयार जोडलेल्या टीव्हीसमोर.

कधी लावायचा, हा प्रश्न होता. स्पीकरने ७७ वर ६ सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, आताच लावा, जिंकलोच आपण, निदान विकेट पडताना तरी बघू. बाबा आजीकडे बघत होते. आजी म्हणाली, "तो एक आहे ना अजून, मधला." मिस्बाह. गटातल्या सामन्यात त्याने सामना बरोबरीत आणला होता, ते तिला आठवत होतं. बाबा म्हणाले, थांबू. इतका वेळ मी आमच्या घरातल्या लोकांना कधी शांत बसलेलं बघितलं नव्हतं. आईने डाळ निवडायची थांबवली होती, अंधारात खडे दिसेनात म्हणून. मेणबत्तीचा उजेड काळ्या काचेवर पडत होता आणि त्यात आम्ही पाच जण दिसत होतो.

मग स्पीकरवरचा मुलगा बोलायचाच बंद झाला. नुसता जमावाचा "अरे..." असा लांब आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. मिस्बाहने हरभजनला एका षटकात तीन षटकार मारले होते.

"लावा," आजी म्हणाली.

पहिला दणका, यूपीएस बंद. दुसरा, बंद. मधल्या तासाभरात ती वडी पुन्हा गार झाली होती. तिसऱ्याला पडदा लागला. पण नव्या टीव्हीने दूरदर्शन कधी पाहिलंच नव्हतं, त्याला ते शोधायला लावावं लागलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायला लागली. आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत होतो. बाबा घड्याळाकडे. पट्टी सरकत असताना खाली दोन वेळा शांतता पसरली आणि मग एकदम जल्लोष झाला. सोहेल तन्वीर दोन षटकार मारून श्रीशांतच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला होता, ते आम्हाला नंतर कळलं. दोन मिनिटं गेली. आणि मग मुंग्यांतून एक माणूस धावत आला.

आर. पी. सिंग होता. त्याच्या शेजारी त्याची फिकट सावली धावत होती, सिंहगडाच्या डोंगरांवरून आणि पेठेतल्या इमारतींवरून आपटून उशिरा आलेली. आणि पडद्याचा खालचा डावा कोपरा जांभळा होता. हिरवळ हिरवीगार, आणि कोपऱ्यात एकाएकी वांग्याच्या रंगाची. मी घाबरले, नवा टीव्ही बिघडला म्हणून. बाबांनी जवळ जाऊन त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "जाळी धुवायला घेतली आणि मध्येच पाणी गेलं," ते म्हणाले. "प्रवाह हळूहळू उतरायला हवा होता, तो मध्येच तुटला. तेवढा भाग चुंबक होऊन बसलाय. जाईल."

गुल त्रिफळाचीत. त्याच षटकाच्या शेवटच्या चेंडूवर असिफच्या बॅटची कड लागून चौकार गेला. ९ बाद १४५. सहा चेंडू, तेरा धावा.

धोनीने चेंडू जोगिंदर शर्माकडे दिला तेव्हा यूपीएस दर काही सेकंदांनी वाजायला लागला. बॅटरी संपत आल्याची सूचना. पहिला चेंडू वाइड. दुसऱ्यावर धाव नाही. मग फुलटॉस, आणि मिस्बाहने तो सरळ डोक्यावरून प्रेक्षकांत टाकला. आईने पदर तोंडाला लावला. चार चेंडू, सहा धावा. यूपीएसच्या दोन आवाजांमधलं अंतर कमी होत चाललं होतं, आणि बाबा एका हाताने त्या डबड्याला धरून बसले होते, ताप आलेल्या मुलाला धरावं तसे.

जोगिंदर धावायला लागला. आमच्या पडद्यावर तो अजून चेंडू टाकायचा होता, आणि खालून, मांडवातून, गर्जना झाली.

त्यांच्या छत्रीवरचं चित्र आमच्यापेक्षा दोन-अडीच सेकंद पुढे होतं. गल्लीला कळलं होतं, आणि आम्ही अजून तो चेंडू बघत होतो. मिस्बाह वाकला, बॅट आडवी खाली घातली, चेंडू उंच गेला. ती गर्जना कशाची, षटकाराची तर असणार नाही, पण आवाज एवढा मोठा होता की हुंदका आणि जल्लोष यांतला फरक कळेना. आजीचे डोळे अधू, तिला चेंडू दिसत नव्हता. पण तिने मान कलती करून खिडकीकडे कान लावले होते, आणि चेंडू आमच्या पडद्यावर अजून हवेत असताना ती म्हणाली, "ढोल वाजले." खरंच ढोल होते. विसर्जनासाठी आणून ठेवलेले. मग श्रीशांतच्या हातात चेंडू आला.

यूपीएस त्यानंतर मिनिटभर चालला. धोनी धावतोय, कोणीतरी कोणाच्या अंगावर उडी मारतोय, एवढं दिसलं आणि अंधार झाला. कोणी उठलं नाही. बाबांचा हात अजून त्या डबड्यावर होता. आई अंधारात आजीच्या पायाला हात लावायला वाकली, सणाला वाकतात तशी, आणि आजीने तिच्या केसांवरून हात फिरवला. दादा रडत होता. तो आवाज लपवायचा प्रयत्न करत नव्हता.

वीज सव्वादहाला आली. बाबांनी यूपीएसची पिन काढून टीव्ही भिंतीतल्या प्लगला लावला आणि बटण दाबलं. "धम्म" पुरता, मोठा, शेवटपर्यंत उतरत गेलेला. कोपरा स्वच्छ हिरवा झाला होता. क्षणचित्रं दाखवत होते. नझीरचे फटके, उथप्पाची फेक, इरफानचे तीन बळी, आम्हाला न दिसलेलं सगळं, लख्ख, एकही सावली नाही. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि यूपीएस उघडून बॅटरी बाहेर काढली. तिची एक बाजू फुगली होती. "हिने दिलं ते तिच्या ताकदीपेक्षा जास्त दिलं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मिरवणूक बघायला निघण्याआधी नवी आणून बसवली.

तो टीव्ही २०१५ साली भंगारात गेला. आजी त्याच्या तीन वर्षं आधी गेली. तो शेवटचा चेंडू मी फोनवर कितीतरी वेळा बघितला आहे, आणि दर वेळी माझी नजर खालच्या डाव्या कोपऱ्याकडे जाते.